पंधरा बाय अकराच्या हॉलचं २६० फूट बिल

डोंबिवलीला माझ्या मोठ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी हॉलचं फॉल्स सीलिंग करायचं ठरलं. हॉल १५ फूट लांब आणि ११ फूट रुंद, म्हणजे १६५ चौरस फूट. दोन ठेकेदार येऊन गेले. पहिल्याने ८५ रुपये फूट सांगितलं, लाइट आणि रंग वेगळा. दुसऱ्याने लाइटसकट १४० रुपये फूट सांगितलं. ताईने १६५ गुणिले १४० करून पाहिलं, २३,१०० रुपये आले, आणि तिला हा दुसराच बरा वाटला, कारण सगळं एकाच्याच गळ्यात. मी बांधकामाच्या मोजमापाचीच कामं करतो, म्हणून तिने सही करण्याआधी मला फोन केला. मी एवढंच विचारलं, "फूट कुठला धरणार आहेत, ते विचारलंस का?" तिने विचारलं नव्हतं. सहसा कुणीच विचारत नाही.

सीलिंगच्या दरावर लोक तासन्‌तास घासाघीस करतात, पाच रुपये कमी करून आणतात आणि मापात पन्नास-साठ फूट घालवून बसतात. ते कसं होतं हे कळण्यासाठी आधी साध्या, सपाट सीलिंगचा हिशेब मांडावा लागतो.

जिप्सम बोर्ड साधारण चार बाय सहा फुटांचा आणि साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो. एका बोर्डात २४ चौरस फूट, म्हणजे १६५ फुटांना सात बोर्ड पुरतील असं वाटतं. पण बोर्डांचे सांधे एका रेषेत येऊन चालत नाही, विटांसारखे ते आडवे सरकवावे लागतात, नाहीतर पुढे सरळ लांब तडा जातो. ताईच्या हॉलमध्ये पहिली रांग सहा, सहा, तीन फुटांची, दुसरी तीन, सहा, सहा फुटांची. या दोन रांगांना पाच बोर्ड लागले. तिसरी रांग भिंतीलगतची, चार फुटांऐवजी तीन फूट रुंदीची. तिला आणखी तीन बोर्ड, आणि प्रत्येकाची एक फुटाची पट्टी वाया. असे आठ बोर्ड झाले. ४२० रुपयांप्रमाणे ३,३६० रुपये.

बोर्ड धरून ठेवतो तो पत्र्याचा सांगाडा. भिंतीलगत फिरते ती पेरिमीटर पट्टी. हॉलचा घेर ५२ फूट, म्हणून बारा फुटी पाच नग. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून त्याला एल अँगल लोंबतात, त्यांना आडवे चॅनेल बसतात. कारागीर त्याला नुसतं 'इंटर' म्हणतात. चार-चार फुटांवर तीन ओळी, चार नग. या इंटरच्या खाली काटकोनात सीलिंग सेक्शन येतात आणि बोर्डाचे स्क्रू याच सेक्शनमध्ये बसतात. दोन सेक्शनमधलं अंतर १८ इंच. सहा फुटी बोर्डात बरोबर चार वेळा १८ इंच बसतात, त्यामुळे बोर्डाचं टोक नेहमी सेक्शनवरच येतं. पंधरा फुटांत असे नऊ सेक्शन. खोली अकरा फुटांची आणि नग बारा फुटांचा, म्हणून प्रत्येकाचा एक फूट भंगारात. पेरिमीटर ८० आणि इंटर-सेक्शन १५० रुपये नगाप्रमाणे, अँगल धरून या सगळ्याचे २,४२० रुपये. फास्टनर, क्लिपा, स्क्रू ६०० रुपये. सांध्यांची कागदी टेप आणि त्यावरचा कंपाउंड ४२० रुपये. एकूण माल ६,८०० रुपयांचा. टेम्पो आणि तिसऱ्या मजल्यावर चढवणी ७०० रुपये.

मजुरी त्या वेळी २२ रुपये फूट होती, म्हणजे ३,६३० रुपये. इथपर्यंत ११,१३० रुपये. त्यावर ठेकेदाराचा देखरेखीचा खर्च आणि नफा मिळून १५ टक्के धरला तर १२,८०० रुपये होतात, फुटाला साडेसत्त्याहत्तरच्या आसपास. जीएसटी त्यावर वेगळा. भाव गावोगावी आणि कंपनीगणिक बदलतात, पण नग तेवढेच लागतात. तुमच्या दुकानदाराचे भाव घालून हाच हिशेब करता येतो. पहिल्या ठेकेदाराचे ८५ रुपये मला रास्त वाटले, आणि मी ताईला सांगितलं की याच्याशी दरावरून भांडू नकोस.

आता मापाकडे येऊ. ताईला सपाट सीलिंग नको होतं. भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा खाली, मधला भाग वर, आणि पट्ट्याच्या कडेआड लपलेला लाइट, ज्याला कोव्ह म्हणतात, ते हवं होतं. यात काय काय येतं ते पाहा. खालचा पट्टा ८८ चौरस फूट. मधला भाग दिसतो ७७ फूट, पण लाइट ठेवायला पट्ट्याच्या आतल्या कडेला सहा इंचांचा कट्टा सोडावा लागतो आणि वरचा बोर्ड त्या कट्ट्यावरून मागे जातो, म्हणून प्रत्यक्षात तो १२ बाय ८, म्हणजे ९६ फूट. दोन पातळ्यांना जोडणारी उभी बाजू ४० फूट लांब आणि सहा इंच उंच, २० चौरस फूट. लाइट डोळ्यांवर येऊ नये म्हणून कट्ट्याच्या टोकाला दोन इंचांची ओठासारखी पट्टी, ३६ फूट लांब, ६ चौरस फूट. सगळं मिळून २१० चौरस फूट.

हे २१० फूट खरे आहेत. तेवढा बोर्ड कापून, पत्रा लावून, स्क्रू मारून तिथे बसतो. मालक १६५ वर अडून बसला तर तो कारागिरावर अन्याय आहे. पण ठेकेदाराच्या वहीत तिसराच आकडा होता, २६०. मी विचारलं तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "साहेब, आमच्यात एक फुटाच्या आतली उभी पट्टी रनिंग फुटाने जाते. सहा इंच असू दे नाहीतर दोन इंच, एक रनिंग फूट म्हणजे एक चौरस फूट." म्हणजे ४० आणि ३६ मिळून ७६ फूट उभे, आणि १८४ फूट आडवे. ८५ रुपयांनी १६५ फुटांचे १४,०२५ रुपये होतात, २१० चे १७,८५० आणि २६० चे २२,१००. सीलिंग तेच, दर तोच.

ही पद्धत बाजारात सर्रास चालते, आणि तिच्यामागे कारणही आहे. दोन इंचांची पट्टी सरळ रेषेत कापून कोपऱ्याला कोपरा जुळवायला बोर्डाच्या सपाट फुटापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. त्याला मोबदला मिळायलाच हवा. माझा आक्षेप एवढाच की तो मोबदला मापात दडवू नये. माप टेपने जेवढं येईल तेवढं लिहा आणि कोव्हच्या कलाकुसरीची मजुरी वेगळ्या ओळीत लावा. आम्ही तसंच ठरवलं: २१० फूट ८५ रुपयांनी, आणि कोव्हचे ३६ फूट ४० रुपये रनिंग फुटाने, म्हणजे १,४४० रुपये. एकूण १९,२९०. ठेकेदारही खुशीने तयार झाला, कारण कामाआधी ठरलं होतं. बिलाच्या दिवशी हाच विषय निघाला असता तर दोघांचीही तोंडं वाकडी झाली असती.

दुसऱ्या ठेकेदाराकडे 'लाइटसकट १४०' मध्ये मापाची पद्धत हीच होती. २६० गुणिले १४० म्हणजे ३६,४०० रुपये. यात लाइटचे पैसे अशा उभ्या पट्ट्यांवरही लागतात जिथे एकही दिवा नाही. लाइटचा खर्च चौरस फुटाने वाढत नाही. पट्टी मीटरने लागते, छोटे दिवे नगाने, वायरिंग पॉइंटने. ताईच्या कोव्हला ३६ फूट, म्हणजे ११ मीटर एलईडी पट्टी, १२० रुपये मीटरने १,३२०. त्या पट्टीला वीज देणारे तीन ड्रायव्हर १,३५० रुपये. छतात बसणारे सहा दिवे १,८०० रुपये. आठ पॉइंटचं वायरिंग ३,६०० रुपये. एकूण ८,०७०. सीलिंग आणि लाइट मिळून २७,३६०, म्हणजे सगळं एकत्र घेण्यापेक्षा नऊ हजारांनी कमी, शिवाय कुठली पट्टी आणि कुठला ड्रायव्हर हे आपल्या हातात. ताईला तर हिशेबाच्या कागदावर एक वेगळीच गोष्ट दिसली: लाइट आणि वायरिंगला सीलिंगच्या चाळीस टक्क्यांहून जास्त पैसे लागत होते. तिने सहाचे चार दिवे करावेत का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा केला. शेवटी सहाच ठेवले, पण समजून उमजून.

काम सुरू असताना मी एक दिवस रजा काढून गेलो, तो बोर्ड चढायच्या आदल्या दिवशी. सीलिंगमध्ये बघण्यासारखं जे असतं ते त्याच दिवशी दिसतं, नंतर सगळं झाकलं जातं. सेक्शनमध्ये टेप धरली तर अंतर दोन-दोन फूट. कारागीर म्हणाला, सगळीकडे असंच करतो. दोन फुटांवर लावलं की नऊऐवजी सात सेक्शन लागतात. दोन नगांचे तीनशे रुपये वाचतात, फुटाला दोन रुपयेही नाहीत. पण बोर्डाला मध्ये आधार कमी पडतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याला हळूहळू पोट सुटतं, आणि रात्री कोव्हचा लाइट लागला की तिरक्या उजेडात ते पोट स्पष्ट दिसतं. सेक्शन पुन्हा १८ इंचांवर घ्यायला त्याला अर्धा दिवस लागला. सांध्यांवर मात्र त्याने कागदी टेपच आणली होती. तिच्याऐवजी जाळीची टेप लावून वर नुसतं पीओपी फिरवलं की वर्षभरात सांध्याची बारीक रेघ उमटते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

चुकलं ते लाइटमध्ये, आणि तिथे मी हजर नव्हतो. पट्टी १२ व्होल्टची होती. अशी पट्टी पाच मीटरच्या गुंडाळीत येते आणि एका टोकाने वीज देऊन त्यापेक्षा लांब चालवली तर पुढे पुढे व्होल्टेज कमी होत जातं. म्हणून तर तीन ड्रायव्हर घेतले होते, प्रत्येकावर पावणेचार मीटरच्या आत एक तुकडा. मीटरला साडेनऊ वॅटच्या आसपास, म्हणजे एका तुकड्याला ३५ वॅट. ६० वॅटचा ड्रायव्हर त्यावर गारच राहतो. इलेक्ट्रिशियनने तिन्ही तुकडे एकमेकांना जोडले, सगळा भार एकाच ड्रायव्हरवर टाकला आणि उरलेले दोन डब्यात ठेवले. दिवसा कुणाला काही कळलं नाही. संध्याकाळी ताईने बटण दाबलं तर दाराजवळ लख्ख उजेड आणि टीव्हीच्या कोपऱ्यात मळकट पिवळा, आणि दहा मिनिटांत सगळं विझलं. ड्रायव्हरला हात लावला तर चटका बसत होता.

छत फोडावं लागेल या धास्तीने ताईने मला फोन केला. तसं काही करावं लागलं नाही. ओठाची पट्टी दोनच इंच ठेवली होती, म्हणून वरच्या बोर्डापर्यंत चार इंचांची फट होती. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला, फटीतून हात आत घातला, दोन जोड सोडवले, उरलेले दोन ड्रायव्हर कट्ट्यावर बसवले आणि तासाभरात खाली उतरला.