डोळ्यांच्या कडेची पहिली रेघ

हसू ओसरलं तरी डोळ्यांच्या कडेची रेघ पुसटशी रेंगाळते, ही सत्ताविशी-अठ्ठाविशीतली पहिली खूण. मग घरात महागड्या क्रीमच्या डब्या येऊ लागतात. रेघ रोखण्याचा भक्कम पुरावा मात्र साध्या सनस्क्रीनच्या बाजूने आहे.

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं, पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांवर प्रयोग झाला. काहींनी सनस्क्रीन रोज लावलं, काहींनी मर्जीनुसार. हाताच्या पाठीवर सिलिकॉन थापून त्वचेचा ठसा घेतला गेला. तरुण त्वचेच्या ठशात बारीक चौकड्यांची जाळी स्पष्ट दिसते; उन्हाने झिजलेल्या त्वचेत ती सपाट होत जाते. रोज लावणाऱ्यांमध्ये ही झीज २४ टक्के कमी आढळली. बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी मात्र झीज कमी झाल्याचं दिसलं नाही.

घोळ होतो तो मात्रेत. वाटाण्याएवढा थेंब पुरत नाही. दोन बोटांवर टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, एवढं चेहऱ्याला-मानेला लागतं; उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

मॉइश्चरायझर पाणी धरून रेघ तात्पुरती भरतो, एवढंच. उमटलेली रेघ फिकी करायला ट्रेटिनॉइन आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, रात्री, आणि गरोदरपणात अजिबात नाही. सुरुवातीला त्वचा सोलवटते, आणि फरक दिसायला काही महिने जातात.