गुणसूत्रे ४६, तरीही डाउन सिंड्रोम

बाळाला डाउन सिंड्रोम असल्याची शंका आली, की त्याच्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत तीन दिवस वाढवतात. मग कोल्चिसिन घालून त्यांचे विभाजन मध्यावरच थांबवतात. तेव्हा गुणसूत्रे आखडून सुटी दिसतात आणि मोजता येतात.

बहुधा ४६ ऐवजी ४७ भरतात. २१ क्रमांकाचे एक जास्त असते. पण कधी मोजणी ४६च येते. अशा वेळी गिम्सा रंगाने उमटलेले पट्टे खरे काय ते सांगतात: तिसरे २१ क्रमांकाचे गुणसूत्र १४ क्रमांकाच्या गुणसूत्राला चिकटलेले असते.

मग आईवडिलांचीही तपासणी करावी लागते. एखाद्यात हीच जोडणी, पण गुणसूत्रे ४५ आढळतात. ती व्यक्ती निरोगी असते. मात्र पुढच्या बाळालाही धोका राहतो. जोडणी आईत असल्यास तो सुमारे १० ते १५ टक्के असतो.