उंच बाटली, बसका डबा आणि एक लीटर पाणी

तिसरीतल्या मुलांपुढे एक उंच, सडपातळ बाटली आणि एक बसका, रुंद डबा ठेवावा आणि विचारावं, कशात जास्त पाणी मावेल? बरीच बोटं बाटलीकडे वळतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांच्या विचारातली ही गोष्ट पाणी ओतूनच तपासली होती. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि त्यातलं एक मुलाच्या डोळ्यांदेखत अरुंद, उंच पेल्यात ओतायचं. पाच वर्षांचं मूल सहसा सांगतं की उंच पेल्यात जास्त पाणी आहे. तिसरीपर्यंत बहुतेक मुलांना कळलेलं असतं की नुसतं ओतल्यानं पाणी वाढत नाही. पण दोन वेगळ्या आकारांची भांडी समोर आली, की त्यांचाही डोळा उंचीलाच भुलतो. ‘एक लीटर म्हणजे १००० मिलिलीटर’ हे पाठ असून यात काही फरक पडत नाही. त्यासाठी ओतून बघावं लागतं, आणि ओतण्याआधी अंदाज सांगावा लागतो.

खेळाला लागतं ते सगळं घरात असतं: आंघोळीचा मग, तांब्या, फुलपात्र, वाटी, स्टीलचा डबा, पाण्याच्या वेगवेगळ्या रिकाम्या बाटल्या, एक नरसाळं आणि सांडलेलं पाणी झेलायला मोठी परात. चार मुलांच्या गटाला एक छोटी बादली पुरते. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं असतं, त्यामुळे टंचाईच्या गावातही हा खेळ अडत नाही.

खरी मेहनत आहे ती विश्वासाचं माप तयार करण्यात, आणि ती मुलांसोबतच करावी. पाण्याची सीलबंद एक लीटरची बाटली आणायची. ती उघडण्याआधी टेबलावर सरळ उभी करून आतलं पाणी जिथवर आलं आहे तिथे बाहेरून पेनानं रेघ मारायची. हा आपला लीटर. पाणी बाटलीच्या तोंडापर्यंत नसतं, वर थोडी जागा मोकळी असते. म्हणून रिकामी बाटली नळाखाली काठोकाठ भरली तर पाणी लीटरपेक्षा जास्त होतं. ‘बाटलीवर एक लीटर लिहिलंय, म्हणजे गच्च भरली की एक लीटर’ हा गैरसमज मोठ्यांचाही असतो आणि वर्गातली निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

आता १०० मिलिलीटरचा पेला हवा. घरात वजनकाटा असेल तर काम सोपं आहे, कारण एक मिलिलीटर पाण्याचं वजन जवळपास एक ग्रॅम भरतं. रिकामा पारदर्शक पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, १०० ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतायचं आणि पाण्याच्या पातळीवर रेघ मारायची. काटा नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण घ्यायचं आणि त्याच्या १० मिलिलीटरच्या रेघेपर्यंत भरून ते दहा वेळा पेल्यात रिकामं करायचं. इथे मुलं हमखास चुकतात. रेघेवर थांबण्याऐवजी ती झाकण थोडं वर भरतात. दर वेळी एकच मिलिलीटर जास्त गेला तरी पेल्यात १०० ऐवजी ११० होतात, आणि अशा दहा पेल्यांचा ‘लीटर’ प्रत्यक्षात ११०० मिलिलीटरचा निघतो. चूक पकडायची कशी? ते दहा पेले रेघ मारलेल्या बाटलीत ओतून. पाणी रेघेवर आलं तर पेला बरोबर. वर चढलं तर पेल्यावरची रेघ खाली घ्यायची आणि पुन्हा ओतायचं. मोजणाऱ्या मापालाही कुणीतरी तपासावं लागतं, हे मुलांना इथे आपल्या हातानं कळतं. दुकानातलं दुधातेलाचं मापही असंच तपासून घ्यावं लागतं आणि त्यावर सरकारी शिक्का असतो, हे याच वेळी सांगावं.

पेला तयार झाला की मला सर्वांत आवडणारा भाग येतो. त्याच बाटलीवर उभी कागदी पट्टी चिकटवायची, बाटली रिकामी करायची आणि एकेक पेला ओतत प्रत्येक वेळी पट्टीवर पातळीची खूण करायची: १००, २००, ३००. तिसऱ्या खुणेनंतर थांबून विचारायचं, चौथी खूण कुठे येईल? फूटपट्टीवरचे सेंटिमीटर सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे मुलं इथेही सारखंच अंतर धरतात. बाटली मध्ये सरळ असेल तिथवर त्यांचं बरोबरही येतं. पण वर खांद्याशी बाटली निमुळती होते आणि खुणा लांब लांब पडू लागतात. ‘बाई, पेला चुकला!’ असा गलका होतो. पेला तोच आहे, मग पाणी इतकं वर का चढलं? उत्तर मुलांनीच शोधायचं. बाटलीला हात लावून, ती फिरवून, दुसरी बाटली शेजारी ठेवून ती ते शोधतात: जागा अरुंद झाली, म्हणून तेवढंच पाणी जास्त उंच गेलं. उंच बाटली आणि बसका डबा यांचं कोडं इथे सुटतं. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो, की बाटली निम्म्या उंचीपर्यंत भरली म्हणजे अर्धा लीटर झाला का? पट्टीवर ५०० ची खूण बघितली की उत्तर मिळतं.

खुणा वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, वरून वाकून बघितलं तर चुकीची खूण वाचली जाते. आणि बाटली हातात धरायची नाही. पाण्याच्या बाटल्या इतक्या पातळ असतात की बोटं दाबली गेली तरी पातळी वर सरकते.

मग स्पर्धा लावायची. प्रत्येक भांड्यासाठी आधी प्रत्येकानं आपला अंदाज मिलिलीटरमध्ये लिहायचा, मग मोजायचं, आणि ज्याचा फरक सर्वांत कमी त्याचा गुण. समजा, आंघोळीच्या मगाला एकानं ५००, दुसऱ्यानं ८००, तिसऱ्यानं १ लीटर आणि चौथीनं १ लीटर ३०० असा अंदाज लिहिला. मग काठोकाठ भरला आणि खुणांच्या बाटलीत ओतला. बाटली रेघेपर्यंत भरली तरी मगात पाणी उरलं. उरलेलं पाणी पेल्यात ओतलं, तर पेला एकदा रेघेपर्यंत भरला आणि पुन्हा निम्मा भरला. म्हणजे १ लीटर १५० मिलिलीटर. तिसऱ्याचा आणि चौथीचा दोघांचाही फरक १५० आहे. एक कमी सांगून चुकला, दुसरी जास्त सांगून, तरी गुण दोघांना सारखेच. वजाबाकीचं उदाहरण असं कुणी न घालता समोर येतं. पुढच्या फेऱ्यांत अंदाज आपोआप सुधारतात, कारण आता वाटीकडे बघताना मुलं मनातल्या मनात तिला पेल्याशी ताडून बघतात.

लिहिताना मात्र लक्ष द्यावं. १ लीटर ५० मिलिलीटर हे काही मुलं ‘१५०’ लिहितात आणि काही ‘१५००’. नुसतं चूक म्हणून खोडण्यापेक्षा लिहिलं आहे तेवढं पाणी ओतायला सांगावं. ‘१५०’ लिहिणाऱ्याचं पाणी दीड पेल्यात संपतं आणि बाटली जवळपास रिकामीच राहते. ‘१५००’ लिहिणाऱ्याला भरलेल्या बाटलीवर आणखी पाच पेले ओतावे लागतात, मगात होतं मात्र लीटरवर अर्धा पेला. मग ती दोघं १०५० लिहितात, आणि मधलं शून्य कशासाठी आहे हे एकमेकांना समजावून सांगतात.