नाशिक ते आझाद मैदान: एक मोर्चा आणि दोन सिद्धांत

6 मार्च 2018 रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे निघाला. निघताना त्यात सुमारे पंचवीस हजार माणसे होती. आग्रा रोडने कसारा घाट उतरून, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालून तो 12 मार्चला आझाद मैदानावर पोचला, तेव्हा वर्तमानपत्रांचे अंदाज चाळीस ते पन्नास हजारांवर गेले होते. त्याच संध्याकाळी सरकारने लेखी आश्वासन दिले आणि मोर्चा मागे घेण्यात आला.

समाजशास्त्राच्या वर्गात सामाजिक चळवळींवर निबंध लिहायचा असतो, तेव्हा हा मोर्चा हमखास निवडला जातो. आणि बहुतेक निबंधांची सुरुवात एकाच वाक्याने होते: शेतकऱ्यांवर अन्याय झाला, असंतोष वाढला, म्हणून मोर्चा निघाला. हे वाक्य खोटे नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. कर्ज, पडलेले भाव, बोंडअळी, रखडलेले वनहक्काचे दावे हे सगळे 2017 मध्येही होते आणि 2016 मध्येही. विदर्भातल्या कापूस उत्पादकाचे दुःख सुरगाण्याच्या आदिवासी शेतकऱ्यापेक्षा कमी नव्हते. तरी सात दिवस पायी चालणारा, न विस्कटणारा मोर्चा नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांतून उभा राहिला. तो तिथूनच का, हा खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात विचारला. गाऱ्हाणी तर समाजात नेहमीच असतात, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यातून कधी चळवळ उभी राहते आणि कधी नाही, हे ठरते कशावर? पैसा, वेळ, माणसे, संघटना, ओळखीपाळखी, अनुभव या साधनांची जुळवणी कोणी आणि कशी केली यावर, असे त्यांचे उत्तर होते. 1977 मधल्या त्यांच्या लेखामुळे हा साधनसामग्रीच्या जुळवणीचा सिद्धांत म्हणून रूढ झाला.

नाशिकच्या मोर्चाला तो लावायचा, तर आधी शिदोरीकडे पाहावे लागते. मोर्चात चालणारी माणसे भूमिहीन किंवा तुटपुंज्या जमिनीची होती. कोणा बड्या देणगीदाराच्या बळावर ती निघालेली नव्हती. गावागावांतून तांदूळ, डाळ, सरपण गोळा झाले होते. तालुक्या-तालुक्याचे गट आपापला शिधा गाडीत घालून मुक्कामावर एकत्र स्वयंपाक करत होते. याचा अर्थ सरळ आहे. मोर्चाचा मोठा खर्च पैशाच्या रूपात झालाच नाही, तो धान्य आणि श्रमाच्या रूपात गावांनी उचलला. ज्या गावात किसान सभेची शाखा वर्षानुवर्षे बैठका घेते, तिथेच हे होऊ शकते, कारण कोणाच्या घरून किती तांदूळ येईल आणि मागे राहिलेली गुरे कोण पाहील, हे ठरवायला ओळखीची, विश्वासाची माणसे लागतात.

ही संघटना काही 2018 मध्ये जन्मलेली नाही. अखिल भारतीय किसान सभा 1936 ची. ठाणे जिल्ह्यात 1945 पासून झालेला वारल्यांचा लढा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. तोच वारसा तलासरी, डहाणू ते सुरगाणा अशा पट्ट्यात टिकून राहिला. 2018 मध्ये मार्क्सवादी पक्षाचा राज्यातला एकमेव आमदार, जे. पी. गावित, याच भागातला होता. शिवाय मार्च 2016 मध्ये किसान सभेने नाशिकच्या त्याच सीबीएस चौकात हजारो शेतकऱ्यांचा ठिय्या दिला होता. एवढी माणसे रस्त्यावर आणणे, त्यांना बसवणे, खाऊ घालणे आणि शिस्तीत परत नेणे याची ती रंगीत तालीम ठरली.

निबंधात तुलना नसेल, तर हा सिद्धांत मात्र पोकळ ठरतो. मोर्चा यशस्वी झाला म्हणजे साधने होती, आणि साधने होती म्हणून तो यशस्वी झाला, असे गोल फिरणारे उत्तर कोणीही लिहू शकते. ते टाळायचे, तर शेजारचे दुसरे आंदोलन समोर ठेवावे लागते. ते हाताशी आहेही. 1 जून 2017 रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्या शेतकऱ्यांजवळ वेगळे साधन होते: शहरांचे दूध आणि भाजी अडवण्याची ताकद. ती एवढी मोठी होती की दोन दिवसांत सरकार चर्चेला बसले. पण वाटाघाटी कोणी करायच्या आणि संप कोणी मिटवायचा, हे ठरवणारी जुनी संघटना त्यामागे नव्हती. 3 जूनच्या पहाटे काही प्रतिनिधींनी मुख्यमंत्र्यांशी बोलून संप मागे घेतल्याचे जाहीर केले आणि बाकीच्यांनी ते झिडकारले. पुढे सुकाणू समिती नेमावी लागली. महिनाअखेरीस चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, म्हणजे संप वाया गेला असे नाही. पण फूट कुठून पडली हे साधनांच्या अंगाने पाहिले की नेमके दिसते. पुणतांब्याकडे दबावाचे साधन मोठे आणि संघटनेचे लहान होते. नाशिकच्या मोर्चात हे बरोबर उलटे होते.

एका जागी मात्र मॅकार्थी-झाल्डही अपुरे पडतात. त्यांच्या मांडणीत, ज्यांना चळवळीचा थेट फायदा नाही अशा सहृदय बाहेरच्यांच्या मदतीला फार वजन आहे. नाशिकच्या मोर्चात ही मदत आली, पण शेवटच्या टप्प्यात. मुंबईच्या वेशीवर लोकांनी पाणी, बिस्किटे, चपला दिल्या, डबेवाल्यांनी जेवण पोचवायला हात लावला. तोवर माणसे घरच्या शिध्यावर दीडशे किलोमीटर चालून आली होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीबद्दल आल्डन मॉरिस यांनी हाच आक्षेप घेतला होता: चळवळीचा कणा समाजाच्या आतल्या संस्थांचा, तिथल्या चर्चचा होता, बाहेरची मदत नंतरची. नाशिकसाठी मॉरिस यांची दुरुस्ती अधिक लागू पडते, आणि चांगल्या निबंधाने ती पुराव्यानिशी मांडायला हवी.

पण मुंबईने पाणी का दिले? शहरात मोर्चे रोज येतात आणि लोक वाहतूक अडल्याबद्दल चिडतात. इथे दुसरा सिद्धांत कामाला येतो. डेव्हिड स्नो आणि रॉबर्ट बेनफर्ड यांनी 1980च्या दशकात दाखवले की परिस्थिती स्वतःहून बोलत नाही. चळवळ तिला अर्थ देते. दोष कोणाचा, उपाय काय आणि आपण का उठायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ती घडवते. याला फ्रेमिंग म्हणतात. एखादी मांडणी लोकांच्या रोजच्या अनुभवाशी आणि त्यांच्या मूल्यांशी जुळली, तरच ती त्यांना भिडते.

11 मार्चच्या रात्रीचा निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मोर्चा सायनजवळच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला होता. सकाळी विधान भवनाच्या दिशेने निघायचे ठरले होते. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. वाहतूक अडून मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून नेत्यांनी रात्रीच निघायचे ठरवले, आणि दिवसभर चालून आलेली, पायाला फोड आलेली माणसे पुन्हा उठून पहाटेपर्यंत आझाद मैदानावर पोचली. मुंबईतल्या आईबापांना यातून जे कळले, ते कुठल्याही पत्रकाने कळले नसते: आपल्या मुलांची काळजी करणारी ही माणसे आहेत. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे त्यात भर घालत गेली. भाजपच्या खासदार पूनम महाजन यांनी शहरी माओवादाचा उल्लेख केला, पण तोवर शहराने दुसरे चित्र स्वीकारले होते.

पण हे फक्त फ्रेमिंग नव्हे. हजारो दमलेल्या माणसांना मध्यरात्री एका शब्दावर उठवणे हे घट्ट संघटनेशिवाय जमत नाही. ज्या निबंधात पहिली चार पाने एका सिद्धांताची आणि पुढची चार दुसऱ्याची असतात, त्यात ही रात्र कुठेच बसत नाही. दोन्ही सिद्धांत एकाच घटनेवर एकत्र लावले, तरच तिचा उलगडा होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक निबंधांत सुटते. मुंबईच्या मनात ठसली ती ‘अन्नदाता’ शेतकऱ्याची प्रतिमा: कर्जबाजारी, भावासाठी झगडणारा. कर्जमाफी आणि स्वामिनाथन आयोगाचे भाव या मागण्या यादीत होत्याच. पण चालणाऱ्यांपैकी बहुसंख्य आदिवासी होते आणि त्यांची पहिली मागणी कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्याची होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मान्य केला आहे. त्यासाठी दावा ग्रामसभेपासून उपविभागीय आणि जिल्हा समितीपर्यंत जातो, आणि वाटेत अडकतो किंवा फेटाळला जातो. शहराला हे समजावणे अवघड होते. ‘शेतकरी’ या रुंद ओळखीखाली सगळ्यांना घेतल्याने पाठिंबा वाढला, पण मूळ मागणी मागच्या रांगेत गेली. स्नो यांच्या भाषेत हा मांडणीचा विस्तार आहे, आणि विस्ताराची किंमत मोजावी लागते.

सरकारने नेमकी हीच फट हेरली. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की मोर्चात नव्वद ते पंच्याण्णव टक्के गरीब आदिवासी आहेत, ते वनजमिनीच्या हक्कासाठी लढत आहेत आणि ते भूमिहीन आहेत. वस्तुस्थिती म्हणून यात तथ्य होते. पण ‘शेतकरी’ कोण हे सातबाऱ्यावरून ठरवायचे की राबणाऱ्या हातांवरून, हा वाद त्या एका विधानात होता. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही ज्याच्या नावावर ती झाली नाही, त्याला भूमिहीन म्हणणे म्हणजे त्याची तक्रारच त्याच्याविरुद्ध वापरणे होते. प्रतिमांडणी कशी चालते याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

निबंध लिहिणाऱ्याने इथे एक पथ्य पाळावे. फ्रेमिंगचा पुरावा निकालातून काढू नये. घोषणा, मागणीपत्र, भाषणे, दुसऱ्या दिवशीचे मथळे समोर ठेवून कोणती मागणी कुठे आणि कितव्या क्रमांकावर येते ते पाहावे. मागणीपत्रातला क्रम आणि मथळ्यांतला क्रम वेगळा निघाला, तर मांडणी वाटेत कशी बदलली ते तिथेच हाती लागते. आणि साधने व मांडणी यांनीच सारे झाले असेही म्हणू नये. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते आणि सत्तेतली शिवसेनाही मोर्चाच्या बाजूने बोलत होती. राजकीय संधीचा हा भाग दोन्ही सिद्धांतांच्या बाहेर राहतो.

12 मार्चला निबंध संपवणे ही तर मोठीच चूक. लेखी आश्वासनात वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे वचन होते. फेब्रुवारी 2019 मध्ये किसान सभेला पुन्हा नाशिकहून निघावे लागले, तेव्हा शहराबाहेर आंबेबहुलाजवळ नवे लेखी आश्वासन मिळाले. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला आणि वाशिंदला थांबला. तेव्हा मथळ्यांत कांद्याचा भाव होता, आणि मागण्यांच्या यादीत वनजमिनीचे पट्टे अजूनही होते.