चीज कढईत का सांडतं?

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांची सोय करणाऱ्या घरांत बांगडा-सुरमईच्या जोडीला मुलांसाठी चीज स्टिक्सची फर्माईश होऊ लागली आहे. मासे तळण्यात मुरलेला हातही इथे फसतो, कारण दोन्हींचं गणित उलटं आहे. रव्यात घोळवलेला मासा कच्चा असतो, तो आतपर्यंत शिजायला वेळ द्यावा लागतो. चीज शिजवायचं नसतंच. फक्त वरचं कवच तांबूस व्हायला हवं, आणि तेही आतलं चीज पातळ होण्यापूर्वी.

मोझरेला चीज साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळू लागतं. तेल असतं १८० अंशांच्या आसपास. म्हणजे ही शर्यतच झाली. चीज गोठवून घेतलं की शर्यतीत कवचाला तेवढी आघाडी मिळते.

२०० ग्रॅम चीजच्या बोटभर लांब, दीड सेंटिमीटर जाड अशा सुमारे १२ कांड्या होतात. त्या आधी मैद्यात घोळवा, मग फेटलेल्या अंड्यात बुडवा, मग ब्रेडच्या चुऱ्यात. पुन्हा एकदा अंडं आणि चुरा. अंडं चालत नसेल तर कॉर्नफ्लोअर आणि मैद्याची दाटसर पेस्ट घ्या. दोन्ही टोकं नीट झाकली गेली पाहिजेत. चीज बहुधा तिथूनच वाट काढतं. आपल्याकडच्या दमट हवेत ब्रेडचा चुरा लवकर सादळतो, म्हणून तो आधी तव्यावर कोरडा परतून गार करून घ्यावा.

आता या कांड्या ताटात सुट्या मांडून फ्रीझरमध्ये निदान दोन तास, शक्य तर रात्रभर ठेवा. मध्ये वीज गेली आणि त्या नरम पडल्या, तर तळू नका. बाहेर सुटलेल्या पाण्याने कवच भिजतं आणि तेलात उकलतं. बराच वेळ वीज नसेल, तर त्या टाकूनच द्याव्यात.

तेल तापलं का, हे पाहायला ब्रेडचा लहान चौकोनी तुकडा टाका. तो साधारण मिनिटभरात सोनेरी झाला, की तेल तयार. लगेच काळवंडला तर तेल जास्त तापलंय: कवच करपेल आणि आत गोठलेलं चीज राहील. तेल कोमट असेल तर कवच धरायला वेळ लागतो, तोवर चीज वितळून बाहेर येतं. कांड्या फ्रीझरमधून थेट कढईत सोडा, एका वेळी तीन-चारच. गार कांड्यांची गर्दी झाली की तेल एकदम निवतं.

मिनिट-दीड मिनिटात रंग येतो. मध्येच कांडीच्या एका जागी जोरात बुडबुडे आणि तडतड सुरू झाली, तर तिथे कवच फुटलंय असं समजा आणि ती कांडी लगेच काढा. बाकीच्या जाळीवर मिनिटभर ठेवा. कवचातली उष्णता आत मुरते आणि चीज खऱ्या अर्थाने तिथेच, कढईबाहेर, मऊ होतं.