नफा कोपऱ्यात सापडतो

मर्यादित कच्चा माल, मोजके कामाचे तास आणि एकाहून अधिक उत्पादने असतील, तर कोणता माल किती बनवावा म्हणजे नफा सर्वाधिक होईल, हे ठरवण्याच्या गणिती पद्धतीला लिनियर प्रोग्रामिंग किंवा रेषीय नियोजन म्हणतात. उत्पादने दोनच असतील, तर हे गणित आलेखाच्या कागदावर पट्टी-पेन्सिलीने सोडवता येते.

पत्र्याचे फर्निचर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. तेथे कपाटे आणि टेबले अशा दोनच वस्तू तयार होतात. एका कपाटाला ४० किलो पत्रा आणि २ तास वेल्डिंग लागते. टेबलाला पत्रा कमी, म्हणजे २० किलो लागतो. पण सांगाड्याचे जोड जास्त असल्याने वेल्डिंगला ३ तास जातात. आठवड्याला ८०० किलो पत्रा मिळतो. एक वेल्डर पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ, असे मिळून वेल्डिंगचे ७२ तास हाताशी आहेत. टेबले आठवड्याला २० पेक्षा जास्त खपत नाहीत. एका कपाटामागे १००० रुपये आणि एका टेबलामागे ८०० रुपये सुटतात. ही रक्कम काढताना विक्रीच्या किमतीतून पत्रा, रंग यांसारखा नगामागचा खर्चच वजा केलेला आहे. जागेचे भाडे आणि वेल्डरचा ठरलेला पगार काहीही बनवले तरी द्यावाच लागतो, म्हणून तो या हिशेबात धरत नाहीत.

वरवर पाहता कपाटावर जास्त पैसे सुटतात, म्हणून फक्त कपाटेच बनवावीत असे वाटते. तसे केले तर २० कपाटांतच सगळा पत्रा संपतो आणि हाती २०,००० रुपये येतात. वेल्डिंगचे मात्र ४० तासच वापरले जातात. उरलेले ३२ तास वेल्डर बसून राहतात. म्हणजे नगामागचा नफा एवढ्या एका आकड्यावर निर्णय घेणे पुरेसे नाही.

आता कपाटांची संख्या x आणि टेबलांची संख्या y मानू. सगळ्या अटी अशा मांडता येतात:

```
पत्रा:     40x + 20y ≤ 800
वेल्डिंग:   2x + 3y ≤ 72
खप:       y ≤ 20
           x ≥ 0, y ≥ 0
नफा:      1000x + 800y
```

आलेखावर आडव्या अक्षावर कपाटे आणि उभ्या अक्षावर टेबले घ्यायची. पत्र्याची रेषा काढण्यासाठी सगळा पत्रा एकाच वस्तूला दिला असे धरायचे: नुसती कपाटे केली तर २०, नुसती टेबले केली तर ४०. अक्षांवरचे हे दोन बिंदू जोडले की रेषा तयार होते. त्याच रीतीने वेल्डिंगची रेषा ३६ कपाटे आणि २४ टेबले या बिंदूंतून जाते. खपाची रेषा २० टेबलांच्या उंचीवर आडवी जाते. रेषेची कोणती बाजू चालणारी, हे आरंभबिंदू अटीत घालून पाहिले की कळते. काहीच न बनवणे सर्व अटींत बसते, म्हणून येथे प्रत्येक रेषेची आरंभबिंदूकडची बाजू घ्यायची. सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा जो भाग उरतो, ते शक्य क्षेत्र. त्यातला कोणताही बिंदू ही कारखान्याला जमणारी एक योजना असते.

अशा योजना पुष्कळ आहेत, पण सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. १६,००० रुपये नफा देणाऱ्या सर्व योजना एका सरळ रेषेवर येतात. ती १६ कपाटे आणि २० टेबले या अक्षांवरच्या बिंदूंतून जाते. २०,००० रुपयांची रेषा तिला समांतर, पण थोडी बाहेर असते. ही रेषा तिरपेपणा न बदलता बाहेर सरकवत नेली की नफा वाढत जातो. शक्य क्षेत्र सोडण्यापूर्वी ती ज्या ठिकाणी शेवटची टेकते, ते ठिकाण कोपराच असते. कारण क्षेत्राच्या सगळ्या कडा सरळ आहेत. नफ्याची रेषा एखाद्या कडेला समांतर असेल, तर ती पूर्ण कड टेकते आणि कडेवरच्या सगळ्या योजना सारख्याच फायद्याच्या ठरतात. तेव्हाही त्या कडेची दोन्ही टोके म्हणजे कोपरेच असतात. म्हणून फक्त कोपरे तपासले तरी पुरते.

येथे कोपरे पाच आहेत. आरंभबिंदूवर नफा शून्य. २० कपाटांवर २०,००० रुपये. २० टेबलांवर १६,००० रुपये. वेल्डिंग आणि खपाच्या रेषा मिळतात तेथे ६ कपाटे व २० टेबले, म्हणून २२,००० रुपये. पत्रा आणि वेल्डिंगच्या रेषांचा छेद आलेखावरून अंदाजाने न वाचता समीकरणांतून काढावा. पत्र्याचे समीकरण २० ने भागले की 2x + y = 40 मिळते; ते 2x + 3y = 72 मधून वजा केल्यावर 2y = 32 उरते. म्हणजे १६ टेबले आणि १२ कपाटे. नफा २४,८०० रुपये, आणि हाच सर्वाधिक. नुसती कपाटे बनवण्यापेक्षा आठवड्याला ४,८०० रुपये जास्त.

नेहमी होणारी चूक येथेच दिसते. पत्र्याची आणि खपाची रेषाही एकमेकींना छेदतात, १० कपाटे आणि २० टेबलांवर. तेथे नफा २६,००० रुपये निघतो आणि उत्तर म्हणून तोच उचलला जातो. पण या योजनेला वेल्डिंगचे ८० तास लागतात आणि आहेत ७२. दोन रेषांचा प्रत्येक छेद हा शक्य क्षेत्राचा कोपरा नसतो. म्हणून नफा काढण्याआधी छेदबिंदू सर्व अटींत घालून पाहावा.

उत्तराचा कोपरा आणखी एक गोष्ट सांगतो. तो पत्रा आणि वेल्डिंगच्या रेषांवर आहे, म्हणजे अडचण या दोन ठिकाणी आहे. टेबलांचा खप वाढवण्यासाठी जाहिरात करून तूर्त काही हाती लागणार नाही. वेल्डिंगचे ४ तास वाढवले तर कोपरा सरकून ११ कपाटे आणि १८ टेबले होतात आणि नफा २५,४०० रुपयांवर जातो. चार तासांमागे ६०० रुपये, म्हणजे तासामागे १५०. या तासांचा ओव्हरटाइम १५० रुपयांहून कमी दराने पडत असेल तरच तो परवडतो.

नफ्याचे आकडे थोडे हलले तरी कोपरा सहसा बदलत नाही. टेबलामागे ८०० रुपये कायम ठेवले, तर कपाटामागचा नफा सुमारे ५३३ ते १६०० रुपयांच्या दरम्यान कुठेही असला तरी १२ कपाटे आणि १६ टेबले हीच योजना उत्तम राहते. त्यापलीकडे गेल्यावर शेजारचा कोपरा सरस ठरतो.

पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दुप्पट मालाला दुप्पट पत्रा आणि दुप्पट नफा, असे सरळ प्रमाण येथे गृहीत आहे; जास्त खरेदीवर सूट मिळत असेल तर हे गणित तसेच लागू पडत नाही. उत्तर अपूर्णांकात आले, तर जवळचा पूर्णांक घेतल्याने अट मोडू शकते किंवा उत्तम योजना निसटू शकते. आणि उत्पादने तीनपेक्षा जास्त झाली की चित्र काढताच येत नाही. त्यासाठी जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती एका कोपऱ्यावरून अधिक नफ्याच्या शेजारच्या कोपऱ्याकडे जात राहते. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये, बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना, कडांवरून न जाता क्षेत्राच्या आतून उत्तराकडे जाणारी रीत मांडली. एक्सेलमधील सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्सचा पर्याय असतो, त्यामुळे दहा-बारा वस्तूंचा हिशेबही छोट्या कारखान्याला घरच्या घरी करता येतो. मात्र नगामागे लागणारा माल आणि वेळ कारखान्यात प्रत्यक्ष मोजलेला असावा. ते आकडे चुकीचे असतील, तर निघालेला कोपराही चुकीचाच असेल.