तिघींची बेरीज दीडच्या खाली का येत नाही?

तीन मैत्रिणींनी सहलीसाठी पैसे काढले. पहिलीने १०० रुपये दिले, दुसरीने २०० आणि तिसरीने ३००. आता प्रत्येकीच्या रकमेला उरलेल्या दोघींच्या एकत्रित रकमेने भागू. पहिलीचे १०० भागिले ५००, म्हणजे ०.२. दुसरीचे २०० भागिले ४००, म्हणजे ०.५. तिसरीचे ३०० भागिले ३००, म्हणजे १. तिन्हींची बेरीज १.७ झाली. तिघींनी सारखेच पैसे दिले असते तर प्रत्येकीचे उत्तर अर्धे आले असते आणि बेरीज दीड. रकमा कितीही बदलून पाहा, बेरीज दीडच्या खाली उतरत नाही.

a, b, c या कोणत्याही धन संख्या घेतल्या तर हेच विधान असे लिहिता येते:

a/(b+c) + b/(c+a) + c/(a+b) ≥ ३/२

हिला नेस्बिटची असमानता म्हणतात. नेस्बिट यांचे हे उदाहरण १९०३ मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’ या इंग्लंडमधल्या नियतकालिकात आले होते. पण दहा-वीस रकमांवर विधान खरे ठरले म्हणून ते सिद्ध होत नाही. सगळ्या धन संख्यांना एकाच वेळी लागू पडेल असे कारण हवे.

विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्यांदा येते ते ओळखीचे हत्यार: धन संख्यांचा अंकगणितीय मध्य भूमितीय मध्यापेक्षा लहान नसतो. ते थेट या तीन अपूर्णांकांवर चालवले तर काय होते? आपल्या उदाहरणात ०.२, ०.५ आणि १ यांचा गुणाकार ०.१, त्याचे घनमूळ सुमारे ०.४६४, आणि त्याची तिप्पट सुमारे १.३९. म्हणजे बेरीज १.३९ पेक्षा कमी नाही एवढेच कळले. ते खरे आहे, पण आपल्याला दीड हवा होता. रकमा सारख्या नसल्या की या वाटेने मिळणारी मर्यादा दीडच्या खालीच राहते. नियम बरोबर आहे, तो वापरायची जागा चुकली.

योग्य जागा शोधण्यासाठी प्रत्येक अपूर्णांकात १ मिळवू. पहिल्याचे १/५ + १ = ६/५ होते, दुसऱ्याचे ६/४ आणि तिसऱ्याचे ६/३. तिन्हींचा अंश एकच झाला! कारण उघड आहे: स्वतःची रक्कम आणि उरलेल्या दोघींची रक्कम मिळून एकूण रक्कमच होते. आता छेदांना नावे देऊ: x = b+c, y = c+a, z = a+b. या तिन्हींच्या बेरजेत प्रत्येक रक्कम दोनदा येते, म्हणून एकूण रक्कम (x+y+z)/२ आहे. मूळ बेरजेला S म्हटले तर

S + ३ = ½ (x+y+z)(१/x + १/y + १/z)

कंस गुणले की तीन वेळा १ मिळतो आणि उरलेल्या सहा पदांच्या तीन जोड्या लागतात: x/y + y/x, y/z + z/y, z/x + x/z. एखादी धन संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज २ पेक्षा कमी कधीच नसते. कारण x/y + y/x − २ म्हणजे (x−y)²/xy. यात वर्ग ऋण होत नाही आणि छेद धन आहे. म्हणून तीन जोड्या मिळून किमान ६ होतात, S + ३ किमान ९/२, आणि S किमान ३/२. बरोबर दीड मिळायला x, y, z समान हवेत, म्हणजेच a, b, c समान हवेत.

या सिद्धतेत संख्या धन असण्याची अट नेमकी कुठे लागली तेही दिसते. १, १ आणि −३ घेतले तर बेरीज −२.५ येते. इथे x = −२ आणि z = २ असल्याने त्यांची जोडी −२ देते; ‘किमान २’ हा आधारच निसटतो. दुसऱ्या बाजूला वरची मर्यादा मात्र नाही. दोघींनी एकेक रुपया आणि तिसरीने १००० दिले तर बेरीज ५०० च्या पुढे जाते.

मग तिघींऐवजी जास्त जणी असल्या तर? सगळ्यांना वर्तुळात बसवा आणि प्रत्येकीच्या रकमेला तिच्या पुढच्या दोघींच्या बेरजेने भागा. १९५४ मध्ये शापिरो यांनी विचारले की n जणींसाठी ही बेरीज किमान n/२ असते का. इथे आपली युक्ती लगेच अडते: चौघी असल्या की १ मिळवून अंशात फक्त तिघींची रक्कम येते, एकूण रक्कम नाही. विधान सम n साठी १२ पर्यंत आणि विषम n साठी २३ पर्यंत खरे ठरले. पण १४ जणींसाठी ते खोटे आहे. तिथे n/२ पेक्षा किंचित कमी बेरीज देणाऱ्या रकमा सापडतात. तिघींमध्ये ‘पुढच्या दोघी’ म्हणजेच ‘उरलेल्या सगळ्या’. दीडची सिद्धता चार ओळींत उरकते ती या एका योगामुळेच.